दूध आणि दुधाची साय : एका स्वराची दोन मापे

विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या तपासताना लाल शाई सर्वांत अधिक कोठे खर्च होते असे कोणी विचारले, तर ऱ्हस्व-दीर्घाकडे बोट दाखवावे लागेल. ‘दूधाची’, ‘मीठाचा’, ‘चूलीवर’, ‘गरीबांना’ ही रूपे आमच्या पेडणे-डिचोलीकडील वह्यांत जशी आढळतात, तशीच ती पुण्या-मुंबईच्या वह्यांतही आढळतात. तथापि आमच्याकडे त्यांचे खापर बहुधा घरच्या कोंकणीवर फोडले जाते. ‘घरी कोंकणी बोलता, म्हणून तुमचे मराठी असे अशुद्ध,’ हे वाक्य आमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेले आहे. हा आरोप निदान या एका बाबतीत कितपत खरा आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एका निरक्षर आजीबाईचे बोलणे घ्या. ‘चुलीर दूद दवरलां,’ असे ती नातीला सांगते. पुढे ‘दुदाची साय’ काढावयास सांगते. ती ‘दूद’ म्हणते तेव्हा ‘दू’ लांबवते आणि ‘दुदाची’ म्हणते तेव्हा तोच स्वर आखूड करते. ‘चूल’ म्हणताना ‘चू’ लांब, ‘चुलीर’ म्हणताना ‘चु’ आखूड. ‘मीठ’ आणि ‘मिठाचें’, ‘जीब’ आणि ‘जिबेर’, ‘भूक’ आणि ‘भुकेन’, या सर्व जोड्यांत तिची जीभ कधी चुकत नाही. तिने व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही, आणि तरीही ज्या नियमासाठी तिच्या नातीचे गुण कापले जातात तो नियम ती दिवसभर बिनचूक पाळते. नातही बोलताना तो पाळतेच. चुकते ती केवळ लिहिताना.

असे का व्हावे? लिहिताना नात मनाशी विचार करते की, मूळ शब्द ‘दूध’ आहे, त्याला ‘ची’ जोडावयाची, तेव्हा ‘दूधाची’. मूळ शब्द जपला पाहिजे असे तिला वाटते. कानाने ऐकलेले बाजूस सारून ती डोळ्यांना दिसणारा शब्द जसाच्या तसा उतरविते. हिंदीचे वाचन झाले असल्यास या समजुतीला आणखी बळकटी येते, कारण हिंदीत ‘फूल’ आणि ‘फूलों का’ असेच लिहितात. तेथे मुळातील ‘फू’ विभक्तीच्या रूपातही दीर्घच राहतो. मराठीत मात्र ‘फूल’ आणि ‘फुलांचा’. म्हणजे या बाबतीत आमच्या मुलांच्या घरची कोंकणी ही मराठीच्या बाजूची साक्षीदार आहे. आरोपी शोधावयाचाच असेल तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

आता हा नियम नेमका काय आहे ते पाहू. त्यासाठी शब्दाची अक्षरे सुरुवातीपासून न मोजता शेवटाकडून मोजण्याची सवय करावी लागते. ‘दूध’ हा शब्द आपण दोन अक्षरी लिहितो, पण उच्चारताना शेवटच्या ‘ध’मधील अकार आपण गाळतो. ‘दूध्’ असाच उच्चार होतो. म्हणजे ध्वनीच्या दृष्टीने त्यात स्वर एकच, आणि तोच शेवटचा. ‘दुधाची’ यातील विभक्तीचा प्रत्यय ‘ची’ बाजूला काढला की ‘दुधा’ हे सामान्यरूप उरते. त्यात शेवटचा स्वर ‘आ’ आहे, ‘उ’ हा आता शेवटचा राहिलेला नाही. नियम असा की, इकार-उकार हा शब्दाच्या उच्चारातील शेवटचा स्वर असेल तर तो दीर्घ होतो, आणि त्याच्यापुढे त्याच शब्दात दुसरा स्वर येऊन बसला की तो ऱ्हस्व होतो. शेवटची जागा सुटली की लांबी सुटली.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘मग नदीला यात ‘दी’ दीर्घ कशी? तिच्यापुढे ‘ला’ आहेच की!’ शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरातच नियमाची किल्ली आहे. विभक्तिप्रत्यय हा मोजणीत धरावयाचा नसतो. ‘नदीला’ यातून ‘ला’ काढला की ‘नदी’ उरते, आणि तिच्यात ‘दी’ शेवटीच आहे, म्हणून ती दीर्घ. ‘फुलाला’ यातून ‘ला’ काढला की ‘फुला’ उरते, आणि त्यात ‘फु’ शेवटी नाही, म्हणून तो ऱ्हस्व. ‘चुलीवर’ यात तर दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयास मिळतात. ‘वर’ बाजूस काढा, ‘चुली’ उरते. तिच्यातील ‘चु’ शेवटी नाही म्हणून ऱ्हस्व, आणि ‘ली’ शेवटी आहे म्हणून दीर्घ. एकाच शब्दात एक आखूड व एक लांब, आणि दोन्ही एकाच नियमाने.

शब्दाला विभक्तीऐवजी नवा शब्द घडविणारा प्रत्यय अथवा दुसरा शब्द येऊन चिकटला, तरी हीच मोजणी चालते. भीक मागणारा तो भिकारी, पीठ कालवून केलेले ते पिठले, धूळ उडविण्याचा दिवस ती धुळवड. पेडणे तालुक्यातील आगरवाडा हे गाव आपल्या मिठागरांसाठी ओळखले जाते. त्या मिठागरात ‘मीठ’ आणि ‘आगर’ एकजीव झालेले आहेत, म्हणून ‘मि’ ऱ्हस्व. त्याउलट ‘मीठभाकर’ आणि ‘दूधभात’ यांत पहिला स्वर दीर्घ राहतो. कारण तेथे दोन शब्द शेजारी बसले आहेत, पण प्रत्येकाने आपला शेवट आपल्याजवळ राखला आहे. ‘फुलपाखरू’ म्हणताना मात्र आपल्या मनात फूल आणि पाखरू असे दोन वेगळे पदार्थ उभे राहत नाहीत, एकच रंगीत जीव उभा राहतो. तो शब्द पुरता मुरला आहे, म्हणून त्यातील ‘फु’ आखूड झाला. एखादा सामासिक शब्द किती मुरला, याविषयी मतभेद होऊ शकतात, आणि अशा शब्दांच्या लेखनात कोशाकोशांत फरक दिसतो तो त्यामुळेच.

ही लांबी आली तरी कोठून? संस्कृतातील ‘दुग्ध’ प्राकृतात ‘दुद्ध’ झाले. ‘जिह्वा’ची ‘जिब्भा’ झाली, ‘भिक्षा’ची ‘भिक्खा’. या प्राकृत शब्दांत स्वर ऱ्हस्व आहे आणि त्याच्यापुढे दुहेरी व्यंजन आहे. पुढे मराठी-कोंकणीच्या घडणीत त्या दुहेरी व्यंजनांतील एक गळाले. गळालेल्या व्यंजनाला उच्चारण्यास जो वेळ लागत असे, तो मागच्या स्वराने भरून काढला. त्यामुळे दूध, जीभ, भीक असे दीर्घ स्वराचे शब्द झाले. परंतु ज्या रूपांत पुढे आणखी एक भारदस्त स्वर होता, तेथे बोलणाऱ्याचा जोर त्या पुढच्या स्वरावर गेला आणि मागच्याला लांबण्यास अवकाश उरला नाही. म्हणून दुधा-, जिभे-, भिके-. मुले ज्याला शुद्धलेखनाचा जाच समजतात, ते वस्तुतः शेकडो वर्षांपूर्वीच्या उच्चाराचे अवशेष आहेत.

असाच प्रकार पार दूरच्या इंग्रजीतही घडलेला आहे. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी इंग्रजीत ‘डिव्हाइन’ म्हणजे दिव्य आणि ‘डिव्हिनिटी’ म्हणजे दिव्यत्व असे दोन शब्द शिकतात आणि बुचकळ्यात पडतात. एकाच मुळाचे शब्द, एकाच अक्षराने लिहिलेले, मग एकदा ‘आइ’ आणि एकदा ‘इ’ असा उच्चार का? पूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांपूर्वी, पहिल्या शब्दातील तो स्वर साधा दीर्घ ‘ई’ होता. ‘डिव्हिनिटी’त त्याच स्वरापुढे आणखी दोन स्वर आले. शेवटून मोजले तर तो तिसरा झाला. इंग्रजीचा नियम असा होता की, शेवटून तिसऱ्या जागी जाऊन पडलेला दीर्घ स्वर, त्याच्या लगतच्या पुढील स्वरावर आघात नसेल तर, ऱ्हस्व करावा. येथपर्यंत ही जोडी आपल्या ‘भीक-भिकारी’सारखीच आहे.

त्यानंतर इंग्रजीत एक मोठी उलथापालथ झाली. इसवी सनाच्या पंधराव्या शतकापासून पुढे दोन-तीनशे वर्षांत त्या भाषेतील दीर्घ स्वर एकामागून एक आपल्या जागा सोडून सरकले. दीर्घ ‘ई’चा होता होता ‘आइ’ झाला. ऱ्हस्व ‘इ’ मात्र जागच्या जागी राहिला. त्यामुळे एके काळी केवळ लांब-आखूड असलेली जोडी आता दोन अगदी निराळ्या स्वरांची वाटू लागली. ‘सेन’ म्हणजे शहाणा आणि ‘सॅनिटी’ म्हणजे शहाणपण, ‘सिरीन’ म्हणजे शांत आणि ‘सिरेनिटी’ म्हणजे शांती, या जोड्यांची कथाही हीच. 1968 साली नोआम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजीच्या ध्वनिरचनेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या जोड्यांना फार महत्त्वाचे स्थान आहे. त्यांनी या स्वरांना लांब-आखूड म्हणण्याऐवजी ‘ताणलेले’ आणि ‘सैल’ अशी नावे दिली. ‘ई’ म्हणताना जीभ ताणून वर चढते व ‘इ’ म्हणताना ती किंचित सैल राहते, हे आरशासमोर बसून कोणासही पाहता येईल. बोलणाऱ्याच्या मनात शब्दाचे मूळ रूप एकच साठविलेले असते, आणि नियम त्याला जागेनुसार ताणतो किंवा सैल सोडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्वच विद्वानांना ते मान्य झाले नाही. इंग्रजीत ‘ओबीस’ म्हणजे लठ्ठ आणि ‘ओबीसिटी’ म्हणजे लठ्ठपणा यांत स्वर सैल होतच नाही, हे त्यांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवून दिले आहे. इंग्रजीतील या नियमाची धार आज बोथट झाली आहे. आपला नियम मात्र जिवंत आहे.

दोन्ही भाषांच्या लिपीने या प्रकाराला कसे वागविले, त्यातही एक मौज आहे. इंग्रजी लिपीने उच्चार बदलला तरी अक्षर बदलले नाही. त्यामुळे वाचणाऱ्यास नाते डोळ्यांना दिसते, पण उच्चार पाठ करावा लागतो. मराठीने उच्चाराप्रमाणे अक्षर बदलले. त्यामुळे वाचणाऱ्यास उच्चार आयता मिळतो, पण लिहिणाऱ्याने कान उघडे ठेवले पाहिजेत.

आता तीन अक्षरी शब्दांकडे वळू. येथे विषयाला खरी रंगत येते. ‘गरीब’ याचे ‘गरिबाला’ होते, ‘वकील’ याचे ‘वकिलाला’, ‘जमीन’ हिचे ‘जमिनीला’, ‘विहीर’ हिचे ‘विहिरीला’. हे वरील नियमानुसारच झाले. पण ‘माणूस’ याचे ‘माणुसाला’ होत नाही, ‘माणसाला’ होते. ‘लाकूड’ याचे ‘लाकडाला’, ‘कापूस’ याचे ‘कापसाला’, ‘देऊळ’ याचे ‘देवळाला’, ‘पाटील’ याचे ‘पाटलाला’, ‘तारीख’ हिचे ‘तारखेला’. येथे स्वर आखूड होऊन थांबला नाही, तो नाहीसाच झाला. लिहिताना आपण ‘माणसाला’ यात ‘ण’ पूर्ण लिहितो, पण बोलताना ‘माण्साला’ असेच म्हणतो.

हा भेद कशाने झाला? दोन्ही गटांतील शब्दांचे पहिले अक्षर पाहा. ग, व, ज, वि ही ऱ्हस्व आहेत. मा, ला, का, दे, पा, ता ही दीर्घ आहेत. पहिले अक्षर दीर्घ आणि सामान्यरूपाचा शेवटही दीर्घ, अशा दोन धिप्पाड गड्यांच्या मध्ये सापडलेला आखूड स्वर चिरडला जातो. पहिले अक्षर ऱ्हस्व असले की मधल्यास तग धरण्यापुरती जागा मिळते. कोंकणीही येथे त्याच वाटेने जाते. ‘लांकूड’ आणि ‘लांकडाचें’, ‘तांदूळ’ आणि ‘तांदळाचें’. इतकेच नव्हे, तर कोंकणीत ‘मनीस’ याचे ‘मनशाक’ होते, म्हणजे पहिले अक्षर ऱ्हस्व असूनही मधला स्वर जातो. मराठी जेथे थबकते तेथे कोंकणी एक पाऊल पुढे टाकते.

या पोटनियमाला मर्यादा आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. ‘जामीन’ याचे ‘जामिनावर’ होते आणि ‘शाहीर’ याचे ‘शाहिरांना’. पहिले अक्षर दीर्घ असूनही मधला स्वर टिकला. ‘पोलीस’ याचे ‘पोलिसांना’ होते, ‘पोलसांना’ होत नाही. हे सर्व बाहेरून आलेले शब्द आहेत. पण ‘तारीख’ हाही शब्द बाहेरचाच, आणि तो मात्र मराठीच्या चालीने चालतो. ‘मशीन’ तर ‘मशीनला’ म्हणून अंग चोरून बसते, आखूडसुद्धा होत नाही. परका शब्द किती मराठी झाला, हे ज्यास मोजावयाचे असेल त्याने त्याला एक ‘ला’ जोडून पाहावा.

यापुढची अडचण निराळ्या जातीची आहे. तीत मुलांचा कान बिनचूक असूनही त्यांची चूक होते. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने 1962 साली मान्य केले, आणि ज्यांत 1972 साली आणखी भर पडली, त्यांत संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना, म्हणजे तत्समांना, सवलत दिलेली आहे. शब्दाच्या आतील त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ संस्कृताप्रमाणे राखावयाचे. म्हणून आपण बोलताना ‘गूण’ म्हणतो, पण लिहावयाचे ‘गुण’. बोलताना ‘वीष’, लिहावयाचे ‘विष’. बोलताना ‘शरिराला’, लिहावयाचे ‘शरीराला’. आपली जीभ तत्सम आणि तद्भव असा पंक्तिभेद जाणत नाही. ती सर्वांना एकाच मापाने मोजते. भेद आहे तो लेखणीचा. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द आपण सारखेच उच्चारतो व अर्थ संदर्भावरून लावतो, त्याचे कारण हेच.

शब्दाच्या अगदी अखेरीस मात्र याच नियमांनी जिभेचा कौल मान्य केला. संस्कृतातील ‘कवि’ आणि ‘गुरु’ हे ऱ्हस्वान्त शब्द मराठीत सुटे असता ‘कवी’ आणि ‘गुरू’ असे दीर्घान्त लिहावे असे ठरले. घरातील जुन्या पोथ्यापुस्तकांत ‘कवि’ दिसला तर ती चूक समजू नये, ती त्या काळची रीत होती. समासात मात्र ते शब्द शेवटी राहत नाहीत, म्हणून ‘कविसंमेलन’ आणि ‘गुरुदक्षिणा’. ‘आणि’सारखी काही अव्यये मात्र शेवटी ऱ्हस्व राहिली.

आता एक वाक्य सोडवून पाहू. ते कोणा एका विद्यार्थ्याचे नसून अनेक वह्यांतील चुका एकत्र करून आम्हीच रचलेले आहे :

‘पाऊसात भिजलेल्या गरीबाला पाटीलांनी चूलीजवळ बसवून दूध दिले, तेव्हा त्याच्या शरिराला ऊब आली.’

हे वाक्य प्रथम मोठ्याने वाचावे, पण लिहिल्याप्रमाणे नव्हे, तर आपण घरी बोलू त्याप्रमाणे. ‘पाऊसात’ असे कोणाच्याच तोंडून येणार नाही. प्रत्यय ‘त’ काढा. पहिले अक्षर ‘पा’ दीर्घ, शेवट ‘सा’ दीर्घ, मधला ‘ऊ’ चिरडला जाऊन त्याच्या जागी ‘व’ उरतो : पावसात. ‘गरीबाला’ यात पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, मधला स्वर जगतो पण आखूड होतो : गरिबाला. ‘पाटीलांनी’ यात पुन्हा दोन गडी आणि मध्ये एक दुबळा : पाटलांनी. ‘चूलीजवळ’ यातून ‘जवळ’ काढले की ‘चुली’ : चुलीजवळ. ‘दूध’ आणि ‘ऊब’ यांत स्वर शेवटचाच आहे, म्हणून ते शब्द बरोबर आहेत. राहिले ‘शरिराला’. येथे विद्यार्थ्याने कानावर विश्वास ठेवला आणि नेमका येथेच तो फसला. शब्द तत्सम आहे, म्हणून ‘शरीराला’.

पाच चुका झाल्या, पण त्या दोन परस्परविरुद्ध प्रकारच्या आहेत. पहिल्या चार ठिकाणी मुलाने ऐकलेले लिहिले नाही, पाचव्या ठिकाणी त्याने ऐकलेलेच लिहिले. पहिल्या चारींसाठी त्याला पाठांतराची गरज नाही. ‘हे तू घरी कसे म्हणशील?’ एवढे विचारणे पुरे. कोंकणीतील ‘लांकडाचें’ आठवले तरी ‘लाकडाचे’ बरोबर येईल. पाठ करावयाचे ते केवळ तत्सम शब्द, आणि शालेय लेखनात वारंवार येणारे असे शब्द काही अगणित नाहीत. शरीर, जीवन, गीत, सूत्र, पूजा, मूर्ती, परीक्षा अशा शब्दांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवावी आणि नवा शब्द भेटला की तीत घालावा. दोन्ही प्रकारच्या चुकांना एकच लाल रेघ मारून मोकळे होण्याची जी आम्हा शिक्षकांत पद्धत आहे, तिच्यामुळे मुलास आपले कोठे बिघडले ते उमगतच नाही. पाचव्या चुकीसाठी ‘शरिराला’ खोडले की पुढच्या खेपेस तो ‘गरिबाला’देखील ‘गरीबाला’ करून आणतो.

सुटीत करून पाहण्यासाठी काही शब्द देत आहोत : वीट, मूठ, तांदूळ, बेरीज, फकीर, मंदिर, कुंभार, ऑफीस. प्रत्येकास ‘ला’ किंवा ‘त’ जोडावा, प्रत्यय काढून शेवटून मोजावे आणि मग लिहावे. यांतील दोन शब्दांत काहीच बदलणार नाही. ते कोणते, आणि दोघांची कारणे एकच आहेत की निराळी, हेही सोबत लिहावे. घरी आजी असेल तर तिला ‘वीट’ आणि ‘मूठ’ हे शब्द वाक्यांत घालून बोलावयास सांगावे व आपण नुसते ऐकावे.